गड्ड्याच्या जत्रेला गहू फुलोऱ्यात हवा

«नमस्कार. मी मोहोळ तालुक्यातला शेतकरी. उसाचा खोडवा तुटून गेल्यावर त्या दोन एकरांत 12 डिसेंबरला त्र्यंबक गहू पेरला. उशीर झाला म्हणून बी वाढवून एकरी 50 किलो टाकलं, ओंब्याही दाट आल्या. पाणी 20, 38 आणि 65 व्या दिवशी दिलं, चौथ्या पाण्याला विहीर पुरली नाही. एकरी साडेसात क्विंटल गहू झाला, तोही चिमलेला. बांधापलीकडच्या शेजाऱ्यानं हाच वाण 10 नोव्हेंबरला पेरला, त्याला एकरी 14 क्विंटल झाला. आमचे वडील म्हणायचे, दिवाळी झाली की गहू पेरावा. गावात आता सांगतात, उन्हातून सुटायचं तर ऑक्टोबरातच पेर. सोयाबीनचं दोन एकर रान दसऱ्यापर्यंत मोकळं होतं, पण तिथं मी हरभरा करतो. दोन्ही शेतांतल्या वीस-वीस ओंब्या सोबत पाठवतो. नेमकं काय चुकलं आणि पुढच्या वर्षी कधी पेरू?»
— एक शेतकरी, मोहोळ तालुका

नमस्कार,

ओंब्या पाठवल्यात हे फार बरं केलंत. त्यांच्यामुळे मला अंदाजानं बोलावं लागलं नाही. दोन्ही पुड्या टेबलावर वेगवेगळ्या ठेवून एकेक ओंबी सोलली, दाणे मोजले आणि दोन्हींतले दोनशे-दोनशे दाणे सोनाराच्या काट्यावर वजन करून आणले. तुमच्या ओंबीला सरासरी 15 कणसुल्या आणि 26 दाणे निघाले. कणसुली म्हणजे ओंबीच्या दांड्यावर आलटून पालटून बसलेला फुलांचा झुबका. शेजाऱ्यांच्या ओंबीला 17 कणसुल्या आणि 38 दाणे. तुमचे दोनशे दाणे 6.2 ग्रॅम भरले, त्यांचे 8.2 ग्रॅम. म्हणजे हजार दाण्यांचं वजन तुमचं 31 ग्रॅम आणि त्यांचं 41.

आता हिशेब बघा. दाण्यांच्या संख्येत तुम्ही शेजाऱ्यांच्या 68 टक्क्यांवर आहात आणि दाण्याच्या वजनात 76 टक्क्यांवर. दोन्हींचा गुणाकार 52 टक्क्यांच्या आसपास येतो. 14 क्विंटलचे 52 टक्के म्हणजे सव्वासात. तुम्हाला साडेसात मिळाले. ओंब्या दाट होत्या हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. संख्येत ओंब्या कमी पडल्या नाहीत, प्रत्येक ओंबीच्या आत तोटा झाला. आणि तो एक नाही, दोन वेगळे तोटे आहेत. दोन वेगवेगळ्या आठवड्यांत झालेले. लोक दोन्हींना मिळून «ऊन लागलं» म्हणतात, म्हणून उपाय सापडत नाही.

आधी रिकाम्या फुलांचं बोलू, कारण तो तोटा शेतात उभं राहून कुणाला दिसत नाही.

तुमची एक ओंबी मी उजेडासमोर धरली. खालच्या कणसुल्या भरलेल्या, शेंड्याच्याही बऱ्यापैकी, पण मधल्या पाच-सहा कणसुल्यांतून उजेड आरपार येत होता. टरफलं शाबूत, आत काही नाही. वीसपैकी तेरा ओंब्यांत हा मधला पट्टा कमी-जास्त दिसला. खोडकिड्यानं असं होत नाही. त्यात अख्खी ओंबी पांढरी पडते आणि ओढली की अलगद हातात येते. तुमच्या ओंब्यांत रोपाला काही झालेलं नाही, फक्त मधली फुलं फळली नाहीत.

असा पट्टा का पडतो? ओंबी बाहेर पडायच्या आधी आठ-दहा दिवस ती शेवटच्या पानाच्या आवरणात फुगलेली असते. तिला आपण पोटरी म्हणतो. बाहेरून शांत दिसणाऱ्या या दिवसांत आत परागकण तयार होत असतात. गव्हाच्या प्रत्येक फुलात तीन परागकोश असतात आणि कोशाच्या आतल्या बाजूला एक पातळ थर असतो, जो वाढत्या परागकणांना खाऊ घालतो. परागकणांच्या मातृपेशी विभागत असताना सलग दोन-तीन दिवस पारा 30 अंशांच्या वर राहिला, तर हा पोसणारा थर वेळेआधी कोसळतो. परागकणांत स्टार्च भरत नाही, ते पोकळ आणि सुरकुतलेले राहतात. ओंबीत हे काम मधल्या कणसुल्यांपासून सुरू होतं आणि मग वर-खाली सरकतं. त्यामुळे दोन-तीन दिवसांचा तडाखा ज्या कणसुल्या त्या टप्प्यावर असतील त्यांनाच बसतो आणि ओंबीत पट्टा उमटतो. गहू स्वतःच्याच परागावर फळतो. फुलाचा पराग पोकळ निघाला, तर शेजारच्या फुलाचा पराग येऊन ते फळेल याची आशा फारशी नसते.

पुढच्या वेळी हे वेळेवर पकडता येईल. ओंबी बाहेर पडून फुलोरा सुरू झाला की सकाळी चार-सहा ओंब्या तोडा आणि मधल्या कणसुलीतलं पहिलं-दुसरं फूल नखानं उघडा. निरोगी परागकोश पिवळा, टपोरा असतो, बोटाला पिवळी भुकटी लागते. वांझ कोश फिकट, बारीक आणि कोरडा असतो. फुलोऱ्यानंतर दोन-चार दिवसांनी न फळलेलं फूल पुन्हा तोंड उघडून बसतं, फळलेलं घट्ट मिटलेलं असतं. मोजताना प्रत्येक कणसुलीतलं खालचं पहिलं आणि दुसरं फूलच धरा. तिसरं-चौथं फूल चांगल्या गव्हातही कधी भरतं, कधी नाही. ओंबीचं अगदी टोक आणि बूड यांचंही तसंच. ती रिकामी बघून घाबरू नका.

दाण्यांच्या संख्येतली सगळी घट मात्र परागाच्या माथी मारता येणार नाही. 17 ऐवजी 15 कणसुल्या राहिल्या त्याला दाट पेरणी कारणीभूत असू शकते. झाडं जास्त झाली की प्रत्येकाच्या ओंबीचा वाटा थोडा कमी होतो. उशिराच्या पेरणीत बी वाढवायचं ते फुटवे कमी येतात म्हणून, तेवढी किंमत त्यात गृहीत असते. बाकीची घट, म्हणजे कणसुलीमागे सव्वादोन दाण्यांवरून पावणेदोनवर येणं, हे रिकाम्या फुलांचं काम.

दुसरा तोटा वजनाचा. फूल फळलं, दाणा धरला, पण भरला नाही. दाण्यात साखरेचं स्टार्च करणारं विकर उन्हाला फार हळवं आहे. ऊन वाढलं की ते मंदावतं आणि दाणा भरण्याचा काळही आखडतो. काही जण म्हणतात, उन्हात गहू लवकर पिकतो, पाणी वाचतं. पिकतो हे खरं, पण तो न भरताच पिकतो. प्रयोगांतून निघालेला ढोबळ आडाखा असा: दाणे भरताना दिवस-रात्रीचं सरासरी तापमान 15 अंशांच्या वर गेलं, की प्रत्येक अंशामागे दाण्याचं वजन 3 ते 5 टक्के घटतं. सोलापुरात 15 ची सरासरी कधीच मिळत नाही, म्हणून आपला वेळेवरचा गहूसुद्धा पंजाबइतका भरत नाही. आपल्या हातात एवढंच आहे, की त्यातल्या त्यात थंड दिवस दाण्याच्या वाट्याला यावेत.

आता दोन्ही शेतांची तारीख-तारीख लावून बघू.

शेजाऱ्यांचा गहू 10 नोव्हेंबरचा. साधारण 55-56 व्या दिवशी, म्हणजे 5 जानेवारीच्या आगेमागे तो पोटरीत होता. 65 व्या दिवशी फुलोरा, म्हणजे 14 जानेवारी. त्यापुढचे पाच-साडेपाच आठवडे दाणे भरत राहिले आणि फेब्रुवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गहू पिवळा झाला. त्या काळात सोलापूरची सरासरी 25 च्या आसपास असते, दुपारी 31 ते 34 आणि रात्री 15 ते 18.

तुमचा गहू 12 डिसेंबरचा, बत्तीस दिवस मागे. पण तो शेवटपर्यंत बत्तीस दिवस मागे राहिला नाही. संक्रांतीनंतर दिवस मोठा होतो, ऊन चढतं आणि गव्हाला घाई होते. तुमची पोटरी साधारण 52 व्या दिवशी, म्हणजे 2 फेब्रुवारीला. फुलोरा 60 व्या दिवशी, 10 फेब्रुवारीला. आणि 12 मार्चच्या आसपास गहू पिकला. दाणे भरायला जेमतेम तीस दिवस मिळाले आणि तेही जास्त उन्हाचे, कारण सोलापुरात फेब्रुवारीच्या मध्यापासून दुपारचा पारा 34 वरून मार्चमध्ये 37 कडे सरकत जातो. शेजाऱ्यांपेक्षा तुमच्या दाण्याला सरासरीत सुमारे 3 अंश जास्त झेलावे लागले. वरच्या आडाख्यानं वजनातली घट 9 ते 15 टक्के बसते.

पण तुमची घट 24 टक्के आहे. उरलेली उन्हाची नाही, तहानेची.

तुमच्या पत्रातला मला सगळ्यात जास्त खटकलेला आकडा हा आहे: 38 व्या दिवसानंतर थेट 65 व्या दिवशी पाणी. शिफारशीत 60-65 व्या दिवशी फुलोऱ्याचं पाणी लिहिलेलं असतं, तुम्ही त्यातच बसवलंत. पण ते दिवस वेळेवर पेरलेल्या गव्हाचे. तुमच्या गव्हाला 65 व्या दिवशी फुलोरा होऊन पाच दिवस झाले होते. पोटरीत असताना शेवटच्या पाण्याला दोन आठवडे उलटलेले, फुलोऱ्यात तीन आठवडे. तुमच्या रानाची जात मला माहीत नाही, पण खाली मुरूम असलेल्या मध्यम जमिनीत फेब्रुवारीत तीन आठवडे म्हणजे गव्हाचा जीव मेटाकुटीला आलेला असतो. पाणी भरपूर असलं की पान घाम सोडून स्वतःला हवेपेक्षा काही अंश थंड ठेवतं. पाणी तुटलं की ती सोय बंद होते, आणि हवा 33 ची असली तरी ओंबी त्याहून तापते. परागकणांनाही कोरड सहन होत नाही. म्हणून त्या मधल्या पट्ट्यात उन्हाइतकाच पाण्याचाही हात असावा, असं मला वाटतं. चौथं पाणी मिळालंच नाही, त्यामुळे पानं लवकर वाळली आणि दाण्याकडे जाणारा पुरवठा थांबला.

हे एवढ्या खोलात सांगायचं कारण आहे. शिफारशीनुसार 15 नोव्हेंबरनंतर पेरणी लांबली, तर दर पंधरवड्याला हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल उत्पादन घटतं, म्हणजे एकरी एक. त्या हिशेबानं महिनाभराच्या उशिरानं तुमचे दोन क्विंटल जायला हवे होते. गेले साडेसहा. तारीख चुकली, त्यात वाण वेळेवरच्या पेरणीचा निवडला, आणि पाणी दिवस मोजून दिलं, अवस्था बघून नाही. या तिन्ही गोष्टी एकमेकींवर चढल्या.

आता पुढच्या वर्षीची तारीख. वडिलांचा आडाखा ज्या काळात बसला, त्या काळाला धरून होता, पण दिवाळी चंद्रावर चालते आणि गहू उन्हावर. 2023 मध्ये लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं, 2025 मध्ये 21 ऑक्टोबरला. एकच आडाखा, पण तीन आठवड्यांचा फरक. आपल्याकडे चंद्रावर न हलणारा सण आहे तो संक्रांतीचा, आणि सोलापूरकराला तो सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेमुळे विसरता येत नाही. नंदीध्वज निघतात त्या दिवसांत गहू फुलोऱ्यात असला पाहिजे, हे मनाशी पक्कं करा आणि तिथून मागं मोजा. आपल्याकडचा सगळ्यात थंड काळ डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत. पोटरीचे नाजूक दिवस त्यात बसवायचे. पोटरी 55 व्या दिवशी धरली, तर 1 नोव्हेंबरला पेरलेल्याची 26 डिसेंबरला येते आणि 15 नोव्हेंबरला पेरलेल्याची 9 जानेवारीला. बागायती गव्हाला नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा का सांगतात, ते यातून दिसतं. तुमच्यासाठी मी 5 ते 12 नोव्हेंबर धरीन. सोलापुरात जानेवारीतही दुपार 30 ला टेकते, आपण आधीच काठावर उभे आहोत. उत्तरेत आठवडाभराचा उशीर खपून जातो, इथे तो दाण्यात दिसतो.

मग ऑक्टोबरात का नको? शेवटचं ऊन टळेल हे गावकऱ्यांचं म्हणणं खरं आहे. 20 ऑक्टोबरला पेरलेल्या गव्हाची पोटरी डिसेंबरच्या पूर्वार्धातच येईल, परागाला धोका नाही. पण ऑक्टोबरात दुपार 32-33 ची आणि जमीन तापलेली. गव्हाला फुटवे येतात ते गारव्यात. उन्हात उगवलेलं रोप फुटवे न करताच कांडीवर धावतं, ओंब्या मोजक्या आणि आखूड राहतात. म्हणजे शेवटचं ऊन चुकवायला सुरुवातीचं ऊन घेतलं. शिवाय परतीच्या पावसानं त्या दिवसांत घात येईलच याचा भरवसा नाही. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्याची शिफारस आहे ती कोरडवाहू गव्हाला, पंचवटी किंवा नेत्रावतीसारख्या वाणांना, कारण तिथं जमिनीतली ओल हातची जायला नको असते. ती तारीख तुमच्या विहिरीच्या रानाला लागू होत नाही.

खरा प्रश्न तारखेचा नाही, रानाचा आहे. खोडव्याच्या रानात तुम्हाला 10 नोव्हेंबर कधीच साधणार नाही. ऊसतोडीची पाळी तुमच्या हातात नाही. तोड झाल्यावर पाचट, नांगरट, रोटर, पुन्हा घात, यात डिसेंबर उजाडतोच. आणि दसऱ्याला मोकळं होणारं सोयाबीनचं रान तुमच्याकडे आहे. त्या दोन एकरांचे दोन भाग करा, एका एकरात गहू आणि एकात हरभरा. वेळेवर पेरलेल्या एका एकराचा 14 क्विंटल आणि उशिराच्या दोन एकरांचा 15, म्हणजे जवळजवळ तोच गहू निम्म्या रानात, निम्म्याहून कमी बियाण्यात आणि निम्म्या पाण्यात. हरभरा एका एकरानं कमी होईल, तो तोटा आहे, नाही असं मी म्हणणार नाही. पण खोडव्याचं रान आता गव्हातून सुटतं. तिथं डिसेंबरात चाऱ्याची मका किंवा कडवळ करा. दोन-सव्वादोन महिन्यांत कापणीला येतं, म्हणजे विहीर आटायच्या आत. चाऱ्याला पराग आणि दाण्याची चिंता नाही, ऊन वाढलं तरी पान मिळतं. उन्हाळी भुईमूग मी सुचवत नाही, तुमचं पाणी त्याला मेपर्यंत पुरणार नाही.

सोयाबीनच्या रानात त्र्यंबकच पेरायला हरकत नाही. तो वेळेवरच्या बागायती पेरणीचाच वाण आहे. एकरी 40 किलो बी पुरे, दोन ओळींत 20 ते 22 सेंटिमीटर, आणि बी पाच-सहा सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका. सोयाबीन निघून महिना झालेला असेल, रान सुकलेलं असेल. तेव्हा आधी ओलवून घात आल्यावर पेरा. सुक्यात पेरून वर पाणी सोडलं की काळ्या रानात पापडी धरते आणि उगवण विरळ होते.

काही कारणानं पुन्हा उशीर झालाच, तर काय? नोव्हेंबरच्या अखेरीपासून 15 डिसेंबरपर्यंत पेरायचं असेल तर वाण बदला. निफाडच्या गहू संशोधन केंद्राचा फुले समाधान वेळेवर आणि उशिरा, दोन्हीला चालतो. एनआयएडब्ल्यू 34 आणि अकोल्याचा एकेएडब्ल्यू 4627 हे उशिरासाठीच आहेत. बी एकरी 50 किलो, हे तुम्ही बरोबर केलं होतं, आणि ओळी 18 सेंटिमीटरवर. पण पाणी दिवस मोजून देऊ नका. 45 व्या दिवसापासून रोज चार झाडं हातानं चाचपा. शेवटचं पान पूर्ण उलगडलं आणि त्याच्याखालचं आवरण बोटांना फुगीर लागलं, की त्याच दोन दिवसांत पाणी पोचलं पाहिजे, मग 48 वा दिवस असो की 54 वा. कालव्याचं आवर्तन किंवा विहीर यांच्यामुळे एकच पाणी जास्तीचं देता येत असेल, तर कांडीच्या वेळी काटकसर करा आणि ते पोटरीसाठी राखा. दुसरं राखायचं ते चीक भरतानाचं. ते हलकं द्या, संध्याकाळी द्या, आणि वारा असेल तर थांबा, कारण ओंबी जड झाली की ओल्या रानात गहू लोळतो. 15 डिसेंबर ओलांडला, तर गव्हाचा नाद सोडा.

दुकानदार फवारणी सुचवतील, तेव्हा त्यातलं खरं-खोटं सांगतो. पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे 13:0:45, त्याचं 2 टक्के द्रावण, एकरी 200 लिटर पाण्यात 4 किलो, शेवटचं पान उलगडल्यावर एकदा आणि ओंबी बाहेर आल्यावर एकदा. यानं पान काही दिवस जास्त हिरवं राहतं आणि दाण्याचं वजन थोडं वाचतं. पण पोकळ परागाला ते भरू शकत नाही आणि तहानलेल्या झाडाला पाण्याची जागा घेऊ शकत नाही. वेळेवरच्या गव्हाला, पाणी पुरेसं असेल तर, मी ती फवारणी फेब्रुवारी एकदम तापला तरच करीन. युरियाचा शेवटचा हप्ता ओंबी आल्यावर देऊ नका, तो पहिल्या पाण्याबरोबर, विसाव्या-एकविसाव्या दिवशीच संपवायचा.

वेळेवर पेरून सगळं सुटतं असंही नाही. मार्च 2022 हा देशात 1901 पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला, गव्हाचं पीक घटलं आणि 13 मे रोजी केंद्रानं निर्यात थांबवली. पुढच्याच वर्षी 2023 चा फेब्रुवारी 1901 पासूनचा सर्वांत उष्ण निघाला. मार्च तापतो तेव्हा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्याचा आपला गहू काढणीला आलेला असतो, उत्तरेतला मात्र ऐन दाण्यात असतो. पण फेब्रुवारी तापला तर तुमच्या गव्हाचे शेवटचे दोन आठवडे त्यात सापडतील आणि वजन थोडं जाईल. फुलं मात्र तोवर फळलेली असतील. संख्या वाचली की मोठा भाग वाचला.

एक गोष्ट तातडीची आहे. घरात भरून ठेवलेल्या या चिमलेल्या गव्हातून पुढच्या वर्षासाठी बी काढू नका. दाणा बारीक म्हणजे कोंबाची शिदोरी कमी, खोल पडला तर वर येत नाही. हा गहू खाण्यात संपवा, त्याला कोंडा जास्त निघेल एवढंच. शेजाऱ्यांकडे चाळून घेतलेला टपोरा गहू 45 किलो मागून ठेवा आणि ऑक्टोबरच्या मध्यावर त्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा. पाच-सहा दिवसांत 85 च्या वर उगवले तर एकरी 40 किलोच पेरा. 75 च्या आसपास उगवले तर 45 किलो घ्या, आणि त्याच्याही खाली गेले तर ते बी परत करून नवीन पिशवी आणा. पेरणीला तेव्हा तीन आठवडे हातात असतील.